लपवलेली दुरुस्ती

छत्रीबाईंना खरं नाव होतं, पण ते आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. तीस वर्षं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि त्यातली पंचवीस वर्षं सुट्टीच्या दिवशी रानोमाळ अळंबी शोधण्यात घालवली. अळंबीच्या छत्र्या उपटून मुलांपुढे धरायच्या, म्हणून मुलांनी नाव ठेवलं ते ठेवलंच. निवृत्तीनंतर अळंबी गोळा करणाऱ्यांच्या एका फोरमवर त्यांनी खातं उघडलं, तेही याच नावाने. दोन वर्षांत तिथे त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली.

आणि माणसाचा शब्द एकदा तसा झाला, की त्याला तो खोडायची लाज वाटू लागते. सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

शनिवारी दुपारी धाकट्या बहिणीला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या होत्या. धाकटी आत आ वासून पडलेली, बाई बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत. फोनवर फोरम उघडला तर एक नवीन बाई आलेली, ‘पहिलीच टोपली’ असं नाव घेतलेली. दोन फोटो, आणि खाली: “आम्ही तिघं घरी असतो, मी, हे आणि सासूबाई. आयुष्यात पहिल्यांदाच रानात जाऊन आणली. ही खायची असते का?” फोटोत पांढऱ्या, गुबगुबीत, बाळसेदार टोप्या.

बाईंचा एक नियम होता आणि तो फोरमवर सगळ्यांना पाठ होता: बूड दाखवा. टोपी काहीही सांगेल, खरं काय ते बुडाशी कळतं. हे वाक्य त्यांनी शेकडो लोकांना ऐकवलं असेल. पण त्या दिवशी खाली बारीक अक्षरांत दिसलं, ‘कोणीतरी उत्तर लिहीत आहे’. आपल्याआधी दुसरा कोणी उत्तर देतो म्हणजे काय! त्यांनी पहिला फोटो पाहिला, दुसरा उघडलाच नाही, आणि बारा पंचवीसला लिहून टाकलं: “कुरणातली अळंबी. उत्तम मिळाली. बिनधास्त खा.” लगेच त्यावर पहिल्या टोपलीचं लाल बदाम आलं. धाकटी गाल सुजवून बाहेर आली आणि विषय संपला.

संध्याकाळी सहाला घरी, मोठ्या पडद्यावर, बाईंनी सहज तो प्रश्नोत्तरांचा धागा पुन्हा उघडला. आता दुसराही फोटो दिसला. टोपली कलंडलेली, एक अळंबी आडवी पडलेली, देठाला पांढरी झालर, टोपीखालच्या चुण्या दुधासारख्या पांढऱ्या. आणि बुडाशी, मातीत अर्धवट लपलेली, फाटक्या मोज्यासारखी एक पिशवी.

कुरणातल्या अळंबीला पिशवी नसते. पिशवी, झालर आणि पांढऱ्या चुण्या एकत्र दिसल्या तर ती किती जहरी असते, हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या.

आता नवीन उत्तर लिहायला हवं होतं. नवीन उत्तर लिहिलं की समोरच्याच्या फोनवर घंटी वाजते. दुरुस्तीला घंटी नसते. बाईंना हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, त्या जुन्या खेळाडू होत्या. पण नवीन उत्तर म्हणजे ‘मी चुकले’ असं चारचौघांत सांगणं. त्यांनी आपल्याच उत्तरावर ‘संपादन’ दाबलं, आधीची तिन्ही वाक्यं पुसली आणि लिहिलं: “बूड नीट दिसल्याशिवाय काही सांगता येत नाही. खाऊ नका.” बदलाचं कारण लिहायची रिकामी चौकट होती, ती रिकामीच ठेवली. कोणीही ताजं ताजं खायच्या आधी एकदा बघेलच की, असं मनाशी म्हटलं. मनाला काय, सांगू ते पटतं.

जतन केल्यावर उत्तराच्या कोपऱ्यात एक छोटंसं पेन्सिलचं चित्र उगवलं.

रविवारी बाईंनी फोरम उघडलाच नाही. कपाट आवरलं, पडदे धुतले, जुनी वह्यापुस्तकं उन्हात टाकली. मेलही पाहिल्या नाहीत, फोनही मुका करून ठेवला. “तुला आज भूत लागलंय का?” धाकटी म्हणाली. बाई म्हणाल्या, “धूळ किती झालीय बघितलीस?”

सोमवारी सकाळी मात्र राहवेना. साडेनऊला त्यांनी संगणक लावला. धाग्यात पहिल्या टोपलीचं एक नवीन उत्तर होतं: “खूप छान झाली होती. पोटाला थोडा त्रास झाला, तो आमच्याच चुकीने. आता तिघंही ठणठणीत. धन्यवाद बाई.”

बाईंनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. तिघंही ठणठणीत! म्हणजे ती पिशवी नव्हतीच, मातीचं ढेकूळ असणार. देव पावला. मग, संकट टळलं की माणूस लगेच आपली इभ्रत सांभाळायला लागतो, तसं त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या पेन्सिलीकडे गेलं. त्यांनी तिच्यावर टिचकी मारली.

पडद्यावर चौकट उघडली. वर तारीख, वेळ. खाली त्यांचीच वाक्यं. जुनी लाल पट्ट्यात, आडवी रेघ मारलेली. नवी हिरव्या पट्ट्यात. ‘बिनधास्त खा’ हे शब्द रेघेखालून स्वच्छ वाचता येत होते. पुसल्यावर शब्द जातात असं त्यांना वाटलं होतं. ते गेले नव्हते, नुसते एका पापुद्र्याखाली पडून होते आणि कोणीही येऊन पापुद्रा उचलावा.

फोरम चालवणाऱ्याला सगळे कारभारी म्हणत. पोरगेलासा माणूस, दिवसभर कुठल्याशा कंपनीत नोकरी करायचा आणि हौस म्हणून हा फोरम सांभाळायचा. बाईंना मावशी म्हणायचा. त्यांनी फोन लावला.

“मावशी! सकाळी सकाळी?”

“अरे, ती पेन्सिल काढता येते का?”

“कुठली पेन्सिल?”

“माझ्या उत्तरावरची. शनिवारच्या. मी आधी काहीतरी बरळले होते, मग सुधारलं. पण ते आधीचं दिसतंय की सगळ्यांना.”

“दिसणारच. पाच मिनिटांच्या आत सुधारलं असतं तर खूण राहिली नसती, तेवढी सवलत आहे आपल्याकडे. त्यानंतर प्रत्येक बदलाची आवृत्ती साठते आणि ती सगळ्यांना बघता येते. तुम्हाला स्वतःला ती नाही काढता यायची.”

“आणि मी अख्खं उत्तरच उडवून नवीन लिहिलं तर?”

“तर नव्या उत्तराला इतिहास नसतो, बरोबर. पण त्यावरचं बदाम जाईल, आणि नवीन उत्तर धाग्याच्या तळाशी जाऊन बसेल, आजच्या तारखेने. उलट जास्तच डोळ्यांत भरेल. शिवाय उडवलेलंही माझ्याकडे दिसत राहतं.”

“मग तूच काय ते कर.”

“मी दोन गोष्टी करू शकतो. एक, ती जुनी आवृत्ती लपवतो. मग ती फक्त मला आणि देखरेखीच्या दोघातिघांना दिसेल, बाकीच्यांना पेन्सिलही दिसणार नाही. दुसरं, या उत्तराच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या कायमच्या पुसतो. पण पुसलेलं परत येत नाही, मावशी. माझा नियम आहे, आधी लपवायचं, महिनाभर थांबायचं, मग पुसायचं.”

“बरं, लपव. महिन्याने पुस.”

“शिवाय कोणाला मेल गेली असेल तर ती आपल्या हातात नाही. माणूस फोरमवर नसताना उत्तर आलं की त्याला मेल जाते, उत्तराचा मजकूर जसा त्या वेळी असेल तसा. ती मागे घेता येत नाही. पण तुमच्या उत्तरावर तर त्यांनी लगेच बदाम दिलं, म्हणजे त्या फोरमवरच होत्या. मेल गेलीच नसणार.” टकटक आवाज आला. “झालं. ताजं करून बघा.”

बाईंनी पान ताजं केलं. पेन्सिल नाहीशी झाली होती. ‘खाऊ नका’ हे वाक्य तिथे असं निवांत बसलं होतं, जणू पहिल्यापासून तेच होतं. त्यांना हायसं वाटलं, आणि का कोण जाणे, मानेवर गार वाराही लागला. खिडकी बंद होती.

“मावशी,” कारभारी म्हणाला, “त्या बाईंच्या उत्तरालाही पेन्सिल आहे. त्यांनीही बदललंय काहीतरी. फोन नंबर वगैरे टाकला असेल चुकून. बघतो, असेल तर तोही लपवतो.”

पुन्हा टकटक. मग टकटक थांबली.

“अरे, आहेस का?”

“मावशी, तुम्ही उघडा ते. पेन्सिल उघडा त्यांची.”

बाईंनी उघडलं. हिरव्या पट्ट्यात ‘खूप छान झाली होती’. वर लाल पट्ट्यात, आडव्या रेघेखाली, रविवार सकाळ सात बाराचं:

“बाई, काल रात्री साडेआठला खाल्ली. पहाटे पाचपासून तिघांनाही उलट्या आणि जुलाब, पाण्यासारखे, थांबत नाहीयेत. हे त्यानेच होतं का? सासूबाईंना उठवत नाही. कृपा करून या नंबरवर फोन करा.” आणि खाली दहा आकडे.

बाई बोटांवर मोजू लागल्या. साडेआठ ते पाच. साडेआठ तास. शाळेतसुद्धा त्यांनी फळ्यावर हे लिहून दिलं होतं: खाल्ल्यावर तासा-दोन तासांत पोट बिघडलं तर बहुतेक वेळा निभावतं, सहा तास उलटून मग बिघडलं तर जिवावरचं. आणि त्याखाली, दोनदा अधोरेखित करून: त्यानंतर एक दिवस बरं वाटतं. उलट्या थांबतात, भूक लागते, माणूस उठून कामाला लागतो. त्या दिवसात आत यकृत सडत असतं.

आता तिघंही ठणठणीत.

पडद्यावरचं ते हसरं वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं आणि पहिल्यांदा त्यांना त्याची भीती वाटली. आतमध्ये काय आहे ते माहीत असल्यावर वरचं हसू बघवत नाही. बाजूला मेलचा आकडा लुकलुकत होता. रविवारच्या सात बाराची मेल तिथे होती, न उघडलेली. हाच मजकूर, बदल न झालेला, नंबरासकट, पडदे धुण्यापूर्वीपासून त्यांची वाट बघत पडलेला.

“ताई?” धाकटी दारात उभी होती. “पांढरीफटक पडलीयस. काय झालं?”

“फोन दे,” बाई म्हणाल्या. हातातला फोन कारभाऱ्याशी जोडलेलाच होता हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

धाकटीच्या फोनवरून त्यांनी ते दहा आकडे लावले. पाच वेळा वाजल्यावर एक तरुण, दमलेला, हसतमुख आवाज आला. बाईंनी नाव सांगितलं.

“अय्या, तुम्ही! बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात? आम्ही बरे आहोत. सासूबाई तर आज स्वतः भांडी घासतायत, ऐकत नाहीत.” मागे खरोखरच भांड्यांचा आवाज येत होता.

“ऐका. आत्ताच्या आत्ता तिघंही मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा.”

“पण आता काही होत नाहीये आम्हाला.”

“म्हणूनच सांगतेय. बरं वाटणं खोटं आहे. ती अळंबी विषारी होती.”

पलीकडे भांडी वाजत राहिली. मग ती मुलगी अगदी हळू बोलली, कोणी ऐकू नये अशी.

“बाई, एक विचारू? रागावू नका. तुम्ही ‘बिनधास्त खा’ म्हणाला होतात ना?”

बाईंनी धाकटीकडे पाठ फिरवली.

“कारण मला तसंच आठवतंय. पण रविवारी रात्री बघितलं तर तिथे ‘खाऊ नका’ लिहिलेलं. मी यांना दाखवलं, सासूबाईंना दाखवलं. ते म्हणाले, ढळढळीत लिहिलंय की, तुला वाचता येत नाही का? आमच्या जिवावर उठली होतीस का? मग मीच विचार केला, मी घाईत उलटं वाचलं असेल. उगीच तुमच्यावर आळ नको, म्हणून मी माझं लिहिलेलं काढून टाकलं.” ती थांबली. “काल तिथे एक पेन्सिलचं चित्र पण होतं. आत्ता बघतेय तर तेही नाही. मला असं काय दिसतंय, बाई? त्या विषाने डोक्यावर परिणाम होतो का?”

पेन्सिल जाऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. एका शब्दाने बाई सुटू शकत होत्या. होतो परिणाम, असं म्हटलं असतं तरी मुलीने मानलं असतं. लाल पट्टी लपलेली, महिन्याने पुसली जाणार, आणि जिला आठवत होतं तीच स्वतःला वेडी ठरवायला तयार. इतकं सोपं होतं की बाईंना स्वतःची शिसारी आली.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचं डोकं ठिकाणावर आहे. मी ‘बिनधास्त खा’ लिहिलं होतं. नंतर बदललं. आता निघा, आणि उरलेली अळंबी असेल, सालपटं असतील, कचऱ्यात असतील तर कचऱ्यासकट बरोबर घ्या. कुठल्या हॉस्पिटलला जाताय ते सांगा. मी येतेय.”

पलीकडे हुंदका आला की श्वास, कळलं नाही.

कारभारी जोडलेल्या फोनवर सगळं ऐकत होता. बाईंनी तो कानाला लावला.

“लपवलेलं परत उघड कर.”

“मावशी, विचार करा. लोक काय बोलतील…”

“उघड म्हणते ना! आणि तिचं उत्तरही तसंच राहू दे, फक्त नंबर झाक. फोटो, वेळा, सगळं डॉक्टरांना लागेल.”

“त्यांच्या जुन्या आवृत्तीतला नुसता नंबर नाही झाकता येत, अख्खी आवृत्तीच लपवावी लागेल.”

“मग मी सांगीन तोवर राहू दे. मी त्याचा फोटो काढून नेते.”

हॉस्पिटलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये फिनेलचा वास होता. डॉक्टर वयाने अगदी तरुण होत्या. त्यांनी तिघांचं रक्त आधीच पाठवलं होतं. बाईंनी फोनवर टोपलीचा दुसरा फोटो मोठा करून पिशवी दाखवली, मग साडेआठ आणि पाच या वेळा दाखवल्या. डॉक्टरांनी एकदाच विचारलं, “नक्की?” आणि मग कोणाला तरी हाक मारत आत पळाल्या.

नवरा भिंतीला टेकून बसला होता, हाताला सलाईनची सुई. “हिचा उतावळेपणा,” तो म्हणाला. “स्वच्छ लिहिलं होतं खाऊ नका. आईला काही झालं ना, तर मी हिला…”

शेजारच्या पलंगावर ती मुलगी बसली होती. बाईंना वाटलं होतं त्याहूनही लहान. डोळ्यांच्या पांढऱ्यावर फिकट पिवळी झाक होती. ती आपल्या पायांकडे बघत राहिली.

बाईंनी फोरम उघडला. पेन्सिल परत आली होती. त्यांनी टिचकी मारली आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला.

“वाचा. लाल आहे ते आधीचं. शनिवार, बारा पंचवीस. हिरवं नंतरचं, सहा दहाचं. ती बरोबर वाचत होती. तिने विचारलं तेव्हा तिथे हेच होतं. चुकले मी, आणि चूक सांगायची सोडून झाकली मी.”

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. आईच्या पलंगाकडे बघितलं. बाईंच्या अंगावर तो धावून आला असता तरी त्या हलल्या नसत्या, पण त्याने फोन फक्त बायकोकडे दिला.

मुलीने फोन डोळ्यांजवळ धरला आणि ‘बिनधास्त खा’वर बोट फिरवलं, जसं आंधळं माणूस चेहरा ओळखतं तसं. मग तिच्या तोंडून जे निघालं त्याची बाईंनी कल्पनाही केली नव्हती. ती हसली.

“बघा,” ती नवऱ्याला म्हणाली, “मी वेडी नव्हते. होतं ते. होतं!”

ती आणि तिचा नवरा तीन आठवड्यांनी घरी गेले. सासूबाई त्याच आठवड्यातल्या शनिवारी वारल्या, शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत की मला काही झालेलं नाही, मला भांडी घासू द्या.

महिना झाल्यावर कारभाऱ्याचा फोन आला. मुलीचं जुनं उत्तर नंबरासाठी त्याने तिला विचारून लपवलं होतं. बाईंचं काय करायचं, त्याने विचारलं. अजून रोज कोणी ना कोणी ती पेन्सिल उघडतं.

“उघडू दे,” बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या फोरमवर कोणाला अळंबी ओळखून देत नाहीत. पण सकाळी एकदा तो धागा उघडतात. धाग्याच्या तळाशी त्यांचं नवीन उत्तर आहे, सगळं कबूल केलेलं, ज्याची घंटी सगळ्यांच्या फोनवर वाजली होती. त्यावर एकच बदाम आहे, पहिल्या टोपलीचं. त्या वर जातात आणि पेन्सिलीवर टिचकी मारतात. लाल पट्टीतले शब्द तिथेच असतात. त्या ते पूर्ण वाचतात, आणि मगच चहा ठेवायला उठतात.